दोनास एक गनाश फाटलं की आधी दूध, बटर नव्हे

प्रश्न : ताई, परभणीहून विचारते. ५०० ग्रॅम डार्क चॉकलेट (५५ टक्के) आणि पाकिटातलं २५० ग्रॅम फ्रेश क्रीम घेऊन ट्रफलसाठी गनाश केलं. क्रीम चांगलं खळखळून उकळलं, तरी चॉकलेटचे तुकडे राहिले म्हणून पातेलं परत गॅसवर ठेवलं. तेल सुटलं. बटर घातलं की सारखं होईल वाटलं म्हणून ५० ग्रॅम घातलं, तर अजूनच फाटलं. फेकून देऊ का? आणि ग्लेझ, फिलिंग, ट्रफलचं प्रमाण नेमकं काय धरायचं? रविवारी ऑर्डर आहे.

उत्तर :

फेकू नका. आधी फक्त वास घ्या. करपल्याचा वास येत असेल आणि बोटांत चोळल्यावर न विरघळणारे कडक काळे कण लागत असतील तर चॉकलेट जळलंय, त्याला इलाज नाही. नुसतं तेल सुटलं असेल, खाली घट्ट दाणेदार लगदा आणि वर पिवळसर तवंग असं दिसत असेल, तर ते नासलेलं नाही. त्यात पाणी कमी पडलंय, एवढंच. ते दुधाने भरून काढायचं.

सगळं गनाश पातेल्यातून एका बोलमध्ये काढा. गरम असेल तर कोमट होईपर्यंत थांबा. थंड झालं असेल तर गरम पाण्याच्या भांड्यावर बोल धरा, पण बोलचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. ४० अंशांच्या आसपास यायला हवं. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या टोकावरचा थेंब खालच्या ओठाला लावून बघा. जेमतेम ऊबदार लागला पाहिजे, चटका बसता कामा नये. आता साय काढलेलं, पातळ, आधी उकळून घेतलेलं ६० ग्रॅम दूध तेवढंच कोमट करा. हे साधारण चार मोठे चमचे होतात. सायीचं दूध नको, कारण आपल्याला स्निग्धांश वाढवायचा नाही, पाणी वाढवायचं आहे.

एक चमचा दूध बोलच्या बरोब्बर मधोमध घाला आणि स्पॅट्युलाने मधल्या मधेच, वाटीएवढ्या गोलात ढवळा. कडेचं गनाश तूर्त ओढू नका. पहिल्या चमच्याला काही होणार नाही, उलट ते जास्त तुटक दिसेल. तिथेच बहुतेक जणी घाबरून थांबतात. दुसऱ्या चमच्यानंतर मधल्या भागात रंग गडद व्हायला लागतो आणि स्पॅट्युलाला किंचित ओढ लागते. तिसऱ्याला मधोमध एक चकचकीत, ताणल्यासारखा गोळा दिसतो, ओल्या काळ्या मातीवर ऊन पडल्यावर दिसते तशी तकाकी. तो गोळा म्हणजे जुळून आलेलं गनाश. आता गोल मोठा करत कडेचा तेलकट भाग थोडा थोडा त्यात ओढत जा. कडेची पिवळी रेघ आत शिरून नाहीशी झाली की काम झालं. तीन चमच्यांतच जुळलं तर चौथा घालू नका.

तरीही ऐकत नसेल तर उलट्या बाजूने जा. स्वच्छ बोलमध्ये दोन मोठे चमचे कोमट दूध घ्या आणि त्यात फाटलेलं गनाश एकेक चमचा घालत ढवळा. पहिला चमचा पूर्ण मिसळल्याशिवाय दुसरा नाही. हात दुखेल, दहा-बारा मिनिटं जातील, पण अगदी वाईट फाटलेलं गनाशही या रीतीने परत येतं, कारण इथे सुरुवातीपासून पाणी बाहेर आणि तेल आत अशीच बांधणी होते. हँड ब्लेंडर असेल तर तो उंच, अरुंद भांड्यात वापरा. पातं पूर्ण बुडालेलं ठेवा आणि ब्लेंडर वर-खाली करू नका, नाहीतर हवा शिरून बुडबुडे राहतात.

हे ६० ग्रॅम कुठून आले, ते एकदा बघून घ्या, म्हणजे पुढे प्रमाण पाठ करावं लागणार नाही.

गनाश म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब तरंगत ठेवणं. तेल येतं चॉकलेटमधल्या कोको बटरमधून आणि क्रीममधून, पाणी येतं जवळजवळ सगळं क्रीममधून. पाणी पुरेसं असेल तोवर प्रत्येक थेंब दुसऱ्यापासून वेगळा राहतो आणि गनाश चमकतं. पाणी कमी पडलं की थेंब एकमेकांना भिडतात, जुळून मोठे होतात आणि वर येतात. साय घुसळताना लोणी सुटतं तेव्हा हेच घडतं. फरक इतकाच की तिथे आपल्याला लोणी हवं असतं.

तुमचा हिशोब धरू. ५०० ग्रॅम चॉकलेटमध्ये स्निग्धांश साधारण १७५ ग्रॅम. २५ टक्क्यांच्या २५० ग्रॅम क्रीममध्ये स्निग्धांश ६२ आणि पाणी १७० च्या आसपास. म्हणजे सुरुवातीला तेल २३७, पाणी १७०. पाण्याच्या सुमारे १.४ पट तेल. हे अगदी सुखात जुळतं. तुमचं प्रमाण चुकलेलं नव्हतं.

मग क्रीम खळखळ उकळलं. रुंद पातेल्यात चार-पाच मिनिटं उकळलं तर ४०-४५ ग्रॅम पाणी वाफ होऊन सहज जातं, आणि क्रीम परत तोलून बघायची सवय आपल्यापैकी फार कुणाला नसते. त्यात ५० ग्रॅम बटर पडलं, म्हणजे अजून ४० ग्रॅम तेल आणि जेमतेम ८ ग्रॅम पाणी. आता तेल २७७, पाणी १३३. दुपटीच्या वर. माझ्या हातचा अनुभव असा की दुपटीच्या जवळ गेलं की गनाश कुठल्याही क्षणी हात सोडतं. वरून गॅसची थेट आच लागली, तळाचं चॉकलेट तापलं आणि बांधणी मोडली. ६० ग्रॅम पातळ दुधातून ५४ ग्रॅमच्या आसपास पाणी परत येतं. १३३ चे १८७ होतात आणि गणित पुन्हा दीडपटीच्या आत येतं.

फाटलेल्या गनाशमध्ये बटर, तूप, तेल किंवा आणखी चॉकलेट का घालायचं नाही, ते यातून दिसेल. घट्ट, कोरडं दिसतंय म्हणून स्निग्ध काहीतरी घालावंसं वाटतं, कारण भाजी-आमटीत आपला हात तसाच वळलेला असतो. इथे ते कोरडेपण तेलाच्या कमतरतेचं नसतं. बटर चवीला घालायचं असेल तर गनाश आधी नीट जुळू द्यायचं आणि ३५ अंशांच्या आसपास आल्यावर मऊ बटर मिसळायचं. तेही थोडं, या मापाला २०-२५ ग्रॅम.

दुसरी गोष्ट, तुकडे राहिले ते का. २५० ग्रॅम गरम क्रीमच्या अंगातल्या उष्णतेत ५०० ग्रॅम चॉकलेट पुरतं वितळेलच याची खात्री नसते, विशेषतः तुकडे मोठे असले आणि भांडं जाड स्टीलचं असलं तर. एकास एक प्रमाणात नुसतं गरम क्रीम ओतून भागतं. दोनास एकला बऱ्याचदा भागत नाही. म्हणून ट्रफलसाठी चॉकलेट आधीच वेगळं निम्म्याहून जास्त वितळवून घ्यायचं, पाण्याच्या वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर वीस-वीस सेकंदांनी ढवळत. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे करा. क्रीमला फक्त कडेने बुडबुडे येऊ द्यायचे, वर यायला लागलं की गॅस बंद. ओतल्यावर दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळायचं. तरी दोन-चार तुकडे राहिलेच तर बोल गरम पाण्यावर अर्धं मिनिट धरा. गॅसवर कधीच नाही.

आता प्रमाणं. मी सगळं वजनावर करते आणि पहिला आकडा नेहमी चॉकलेटचा. कपाने मोजलेलं चॉकलेट म्हणजे तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेचं माप, त्यामुळे तोलकाट्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

खऱ्या डार्क चॉकलेटला, म्हणजे ५० ते ५५ टक्के कोकोच्या, ग्लेझसाठी एकास एक, फिलिंगसाठी दीडास एक आणि ट्रफलसाठी दोनास एक. मिल्क आणि व्हाइटमध्ये घट्टपणा देणारा कोको कमी किंवा अजिबात नसतो आणि साखर जास्त, म्हणून त्यांना क्रीम कमी लागतं. मिल्कला फिलिंगसाठी दोनास एक, ट्रफलसाठी अडीचास एक. व्हाइटला फिलिंगसाठी अडीच ते तीनास एक, ट्रफलसाठी साडेतीनास एकपर्यंत. ७० टक्क्यांचं चॉकलेट याच्या उलट वागतं. त्यात कोको आणि तेल दोन्ही जास्त, म्हणून क्रीम थोडं वाढवावं लागतं. ५५ टक्क्यांचं दोनास एक जसंच्या तसं ७० ला लावलं की फाटण्याची शक्यता खूप.

हे आकडे २५ टक्क्यांच्या फ्रेश क्रीमला धरून आहेत, कारण आपल्याकडे तालुक्याच्या गावातही तेच हमखास मिळतं. परदेशी कृतींमध्ये ३५ टक्क्यांचं क्रीम असतं. त्या क्रीममध्ये पाणी कमी असतं, म्हणून तेच प्रमाण त्यांचं जास्त घट्ट बसतं आणि फाटतंही लवकर. आपलं २५ टक्क्यांचं क्रीम फाटायला सोपं नाही, पण गनाश मऊ राहतं. कृती वाचून केलेला ट्रफल वळताना हाताला चिकटतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. गोड नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वापरत असाल तर त्यात वनस्पती तेल, साखर आणि स्थिर ठेवणारे घटक असतात. गनाश भक्कम होतं, पण जास्त गोड होतं आणि चॉकलेटची चव मागे पडते. मी ते ट्रफलला वापरत नाही.

कंपाउंड वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण लातूर, नांदेड, परभणी या भागात घरून केक करणाऱ्या बहुतेक जणी कंपाउंडच वापरतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं आणि साखर भरपूर. साखरेमुळे खोलीच्या तापमानाला गनाश मऊ वाटतं आणि तेलामुळे फ्रीजमध्ये एकदम दगडासारखं बसतं. डार्क कंपाउंडला ग्लेझसाठी एकास एक चालतं, फिलिंगसाठी दोनास एक, ट्रफलसाठी अडीचास एक. कंपाउंडचं गनाश हिवाळ्यात वेगळ्याच कारणाने बिघडतं. डिसेंबरच्या सकाळी स्टीलचं बोल बर्फासारखं गार असतं, त्यात क्रीम कोमटच ओतलं तर तेल कडेला गोठायला लागतं आणि गनाश रवाळ होतं. ते फाटणं नव्हे. तेल सुटलेलं दिसत नाही, नुसते बारीक दाणे जिभेला लागतात. त्याला दूध नको, नुसती ऊब द्या. गरम पाण्यावर हळूहळू ढवळलं की दाणे विरतात.

आणखी एका गोष्टीत गल्लत होते, तीही इथेच सांगते. नुसतं चॉकलेट वितळवताना वाफेचे दोन-चार थेंब पडले की ते एकदम ओल्या मातीसारखं घट्ट होतं. तिथे तेल सुटत नाही, चॉकलेट आकसतं. थेंबभर पाणी साखरेला चिकट करतं म्हणून असं होतं. अशा चॉकलेटमध्ये ठरलेलं गरम क्रीम पूर्ण घातलं की ते बहुधा सैल होतं आणि गनाश नीट बनतं. कव्हर करायला ते चॉकलेट गेलं, गनाशला नाही.

ग्लेझमध्ये प्रमाणापेक्षा ओतण्याचं तापमान जास्त बघावं लागतं. एकास एक गनाश ३२ ते ३५ अंशांना ओतलं की केकवरून एकसारखं उतरतं आणि बाजूला जाड थर धरतं. ४० च्या वर ओतलं तर पाण्यासारखं वाहून खाली डबकं होतं, खालची क्रीमही वितळते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८-३९ ला असते, त्यामुळे ओट्यावर ठेवून ग्लेझ कधी निवतच नाही. मी बोल एका परातीत ठेवते आणि परातीत माठातलं पाणी घालते. बर्फाचं नाही. बर्फाने कडा गोठतात, मधलं गरम राहतं आणि ओतताना गुठळ्या उतरतात. माठाच्या पाण्यावर पाच-सात मिनिटं सावकाश ढवळलं की चमच्याच्या पाठीवरून धार पडते, ती पृष्ठभागावर क्षणभर दिसते आणि मग विरते. तेव्हा ओतायचं. चमक टिकायला २०० ग्रॅम चॉकलेटला एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज क्रीमसोबतच गरम करून घाला. त्याने ग्लेझ कापताना तडकतही नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये त्रास वेगळा. फ्रीजमधून काढलेल्या केकवर दमट हवेतलं पाणी साचतं आणि ग्लेझवर ठिपके पडतात. केक डब्यात बंद करूनच फ्रीजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडू नका. थेंब डब्यावर जमतील, केकवर नाही.

ट्रफलच्या बाबतीत उन्हाळ्याशी तडजोड चालत नाही, हे मी नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी लातूरहून उदगीरला एका साखरपुड्यासाठी चाळीस ट्रफल एसटीने पाठवले. दोनास एक, नुसत्या कोको पावडरमध्ये घोळवलेले. घरातून निघताना सुरेख गोल होते. दीड-दोन तासांनी डबा उघडला तेव्हा तळाशी चिखल होता आणि कोको पावडर त्यात मिसळून गेली होती. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर. प्रमाण कितीही घट्ट करा, ४० अंशांत गनाश गोलच राहील असं प्रमाण नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात मी ट्रफल अडीचास एक करते, प्रत्येकाला चॉकलेटचं पातळ कवच देते आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसह पाठवते. कवच आतल्या मऊपणाला धरून ठेवतं, बर्फ कवचाला.

आता तुमच्या बोलकडे येऊ. दुधाने जुळवलेलं गनाश रविवारच्या ट्रफलला घेऊ नका. त्यात बटर आहे, वरून दूधही गेलंय, ते वळण्याइतकं घट्ट बसणार नाही. फिलिंगला मात्र उत्तम आहे. वर प्लॅस्टिक अगदी टेकवून लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. सध्याच्या उन्हात ते बाहेर तासन्‌तास ठेवू नका. मध्ये वीज जाऊन गनाश मऊ झालं तर ढवळून परत गार करू नका, तसंच राहू द्या, बसायच्या वेळी ढवळल्यानेही ते रवाळ होतं. वापरायच्या आधी दहा-दहा सेकंद गरम करत मऊ करा, एकदम नाही. घाईने तापवलं तर कडेला पुन्हा तेल दिसेल. दिसलंच तर एक चमचा कोमट दूध आणि मधून बाहेर तेच ढवळणं.

ट्रफलसाठी शनिवारी संध्याकाळी नव्याने करा. ४०० ग्रॅम चॉकलेट, १६० ग्रॅम क्रीम. तुमच्या त्याच क्रीमने तेल पाण्याच्या १.६-१.७ पटीवर राहतं, म्हणजे सुरक्षित. ३५ टक्क्यांचं क्रीम हाती लागलं तर हेच प्रमाण दुपटीला टेकतं, तेव्हा क्रीम बदलू नका. चॉकलेट आधी बरंचसं वितळवून घ्या. क्रीम १७५ ग्रॅम घेऊन गरम करा आणि पातेलं काट्यावर ठेवून त्यातलं १६० च ओता, म्हणजे वाफेचा हिशोब करावा लागणार नाही. जुळलं की बटर पेपर घातलेल्या पसरट ट्रेमध्ये दीड-दोन सेंटीमीटर जाड ओता, आधी खोलीत निवू द्या आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये. रविवारी पहाटे, घर गार असताना, १५-१५ ग्रॅमचे तुकडे तोलून वळा. पस्तीसेक होतील. तळहात आधी थंड पाण्याने धुऊन कोरडे करा, आणि आठ-दहा वळले की पुन्हा. वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग कवचात बुडवा. फ्रीजरमधून काढून लगेच बुडवू नका, आतलं गार गनाश गरम होताना फुगतं आणि कवचाला बारीक चिरा जातात.